एकाच अर्जात तीन नावांची मुलगी

सप्टेंबरातली एक रविवारची रात्र. हनोईत पावसाळा सरत आला होता, पण हवा अजून दमट होती आणि डास होते. लेकीला शनिवारी रात्रीपासून ताप होता, एकशे तीनच्या खाली उतरत नव्हता. ती सहावीत, घराजवळच्या सरकारी शाळेत. नवं वर्ष पाच तारखेला सुरू झालं होतं, म्हणजे शाळेत जाऊन जेमतेम दहा दिवस. सकाळी अर्ज द्यायला हवा होता. सहा वर्षं इथं राहून मला बाजारात भाव करता येतो, रिक्षावाल्याशी, म्हणजे इथल्या मोटारसायकलवाल्याशी, पत्त्यावरून वाद घालता येतो. पण अर्ज मी कधी लिहिला नव्हता. प्राथमिक शाळेत असताना वर्गाच्या गटावर एक निरोप टाकला की भागायचं. या शाळेत मात्र पहिल्याच पालकसभेत सांगितलं होतं: निरोप चालेल, पण मागोमाग कागद हवा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. मी त्यांना ‘ची’ म्हणते, म्हणजे ताई. इथं शेजारणीला नुसतं नावानं हाक मारत नाहीत. आधी वय विचारून घेतात आणि मग ताई, मावशी किंवा धाकटी ठरते. ताई वॉर्डाच्या कचेरीत कागदपत्रांच्या टेबलावर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेल्या. रात्री साडेनऊला मी वहीचा कागद घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

माझ्या मनात आपला मराठी अर्ज होता. वर डाव्या बाजूला ‘प्रति’, मग ‘माननीय वर्गशिक्षिका’, मग ‘विषय’, मग ‘महोदया’, आणि खाली ‘आपली विश्वासू’. शब्द बदलले की झालं, असं मला वाटलं होतं. ताईंनी माझा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि नवा कागद पुढ्यात घेतला. मधोमध, मोठ्या अक्षरांत त्यांनी पहिली ओळ लिहिली: व्हिएतनामचं समाजवादी प्रजासत्ताक. तिच्याखाली दुसरी: डोक लाप, तू झो, हान्ह फुक. स्वातंत्र्य, मुक्ती, सुख. तिन्हींच्या मध्ये लहान आडव्या रेघा, आणि खाली त्या ओळीच्याच लांबीची एक सरळ रेघ.

मी म्हटलं, “ताई, मुलीला ताप आलाय, एवढंच कळवायचंय.”

त्या म्हणाल्या, “म्हणूनच तर. हा निरोप नाही, अर्ज आहे.”

देशाचं हे नाव 1976 पासूनचं, उत्तर आणि दक्षिण एक झाल्यानंतरचं. खालचे तीन शब्द त्याहून जुने, 1945 मधल्या पहिल्या प्रजासत्ताकापासून चालत आलेले. इथं जमिनीचा अर्ज असो, नोकरीचा असो की तापाचा, सुरुवात याच दोन ओळींनी होते. सरकारी कागद कसा लिहावा याचा 2020 चा एक नियम आहे, तो ताईंना तोंडपाठ. पहिली ओळ सगळी मोठ्या रोमन अक्षरांत, दुसरी लहान अक्षरांत, पण प्रत्येक शब्दजोडीचं पहिलं अक्षर मोठं, आणि रेघ ओळीएवढीच, ना कमी ना जास्त. शाळेच्या अर्जाला हा नियम कुणी मोजपट्टी घेऊन लावत नाही. पण हात वळलेला असतो. इथल्या मुलांनाही तो शाळेतच वळतो, आणि माझ्या लेकीला या दोन ओळी माझ्याआधी येत होत्या.

मग तिसरी ओळ, पुन्हा मधोमध: ‘दन सिन फेप ङी हॉक’. ‘दन’ म्हणजे अर्ज. ‘सिन’ म्हणजे मागणं, विनवणं. ‘फेप’ हा मुळात चिनीतून आलेला, नियम किंवा रीत या अर्थाचा शब्द. ‘सिन फेप’ म्हणजे रीत मागणं, परवानगी घेणं. पाहुण्याच्या घरून निघताना, जेवणाच्या पानावरून आधी उठताना, मोठ्यांच्या समोरून जाताना हेच दोन शब्द म्हणतात. शेवटी ‘ङी हॉक’, शिकण्यातून विश्रांती. आपल्या ‘वाङ्मय’मधला ङ इथं शब्दाच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे मराठी जिभेला तो ओळखीचा असूनही जड जातो.

माझी पहिली चूक याच शब्दात होती. ‘ङी’वर जी स्वराची, म्हणजे आवाजाच्या चढउताराची, खूण हवी ती आकडीसारखी असते, खालचा ठिपका नसलेल्या प्रश्नचिन्हासारखी. मी तिथं लाटेसारखी खूण काढली होती. आकडीचा ‘ङी’ म्हणजे विश्रांती घेणं, लाटेचा ‘ङी’ म्हणजे विचार करणं. ताई म्हणाल्या की व्हिएतनामी माणसांच्या अर्जांतही ही चूक सगळ्यात जास्त सापडते, विशेषतः दक्षिणेकडच्यांच्या, कारण त्यांच्या बोलण्यात हे दोन स्वर एक झालेत. कानाला फरक नाही, म्हणून हात चुकतो. हनोईत तो फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो, म्हणून इथल्या शिक्षकांच्या डोळ्यांत तो लगेच खुपतो. शाळांच्या भिंतींवर एक जुनी म्हण लावलेली असते, तिचा अर्थ असा की अक्षराचं वळण तसं माणसाचं वळण. तिथं अर्जातली खूण चुकणं म्हणजे घरून मुलाला काय मिळतं याचा पहिला पुरावा देणं.

दुसरी गोष्ट त्यांनी याच शब्दावर बोट ठेवून सांगितली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली. ‘ङी हॉक’चे दोन अर्थ होतात. आज शाळेत न जाणं हा एक. दुसरा, शाळा कायमची सोडणं. ‘तो सातवीतच ङी हॉक झाला’ असं म्हणतात तेव्हा तो मुलगा आता कामाला जातो असं समजायचं. कायमचं सोडायचं असेल तर कागदावर वेगळा शब्द आहे, पण बोलण्यात हाच चालतो. म्हणून अर्जात कधीपासून कधीपर्यंत हे लिहावंच लागतं. आपल्या ‘रजा’ शब्दाला ही काळजी नाही. रजा म्हटली की माणूस परत येणार हे त्यात आलंच. इथं परत येणं तारखेनं लिहून द्यावं लागतं.

चौथी ओळ ‘किन्ह गुई’, म्हणजे आदरपूर्वक पाठवते. कुणाला? मी लिहिलं होतं, ‘शिक्षिका श्रीमती अमुक’. ताईंनी लिहिलं, ‘सहावीच्या वर्गाच्या को चू ञिएम’. ‘चू ञिएम’ म्हणजे वर्गाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्या. ‘को’ म्हणजे बाई, पण त्याआधी ‘को’ म्हणजे आत्या, वडिलांची धाकटी बहीण. बाईंना आडनावानं इथं कुणी बोलावत नाही. आडनावं मुळात मोजकीच, एका वर्गात डझनभर मुलांचं आडनाव ङुयेन निघतं. बोलावतात ते नावानं, आणि नावाआधी नातं लावून. पुरुष शिक्षक असले तर ‘थाय’. आम्ही साताऱ्याकडे शाळेत ‘बाई’ आणि ‘गुरुजी’ म्हणायचो, तेही हाक मारायलाच होते, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. पण बाई नात्यातल्या नव्हत्या. को आहेत.

मग आलं माझं नाव. ‘तोय तेन ला’, माझं नाव अमुक. ‘तोय’ म्हणजे मी. हा शब्द एके काळी चाकराचा होता. राजापुढं, धन्यापुढं स्वतःला ‘तोय’ म्हणत. आज तो घासून घासून साधा झालाय, कुणाच्या वर नाही आणि खाली नाही. बोलताना मात्र तो फारच कोरडा वाटतो, म्हणून ओळखीच्या माणसाशी कुणी ‘तोय’ म्हणत नाही. कागदावर तो बरोबर आहे, कारण कागद बाईंपुरता राहत नाही. तो कपाटात जातो, कुणीही उघडून वाचतो.

आणि मी कोण? ‘फू ह्विन्ह’. पालक. ताईंनी हा शब्द लिहिला आणि मी त्याचा अर्थ विचारला, कारण तो मी सभांमध्ये शंभरदा ऐकला होता, पण फोडून कधी पाहिला नव्हता. ‘फू’ म्हणजे वडील, ‘ह्विन्ह’ म्हणजे थोरला भाऊ. दोन्ही जुने चिनी शब्द. मुलाच्या वतीनं शाळेपुढं उभा राहणारा माणूस कोण, तर बाप, आणि बाप नसेल तर मोठा भाऊ. आई त्या शब्दात नाही. रात्री साडेनऊला ताप मोजणारी, कागद लिहिणारी, सकाळी फाटकापाशी तो देणारी बहुतेक घरांत आईच असते, आणि ती सही करते ‘वडील-थोरला भाऊ’ या नावाखाली. मला ते टोचलं. ताईंना नाही. त्या म्हणाल्या, “शब्द जुना आहे, तो काय करणार? त्यात राहणाऱ्या आम्हीच आहोत.” मला आपल्या मराठी अर्जातलं ‘माझा पाल्य’ आठवलं. पालक आणि पाल्य, पाळणारा आणि पाळला जाणारा. त्यात बाप नाही, भाऊ नाही, आईला जागा आहे. पण घरात कुणी आपल्या मुलाला पाल्य म्हणत नाही. तो शब्द फक्त शाळेच्या कागदावर जिवंत असतो, आणि मुलगी अर्जात शिरली की पाल्य होते.

व्हिएतनामी अर्जात मुलगी शिरली की काय होतं, हे त्या रात्री मला कळलं, आणि म्हणून मी हे लिहिते आहे.

ताईंनी लिहिलं: ‘मी सहावीतल्या एम अमुकची फू ह्विन्ह.’ ‘एम’ म्हणजे धाकटं भावंड. शाळेत सगळी मुलं एम असतात, शिक्षक त्यांना एम म्हणतात. मग पुढची ओळ: ‘मी हा अर्ज करून विनंती करते की कोंनी चाउला सुट्टी घेऊ द्यावी.’ ‘चाउ’ म्हणजे नातवंड, भाचरू, पुतणी. मी थांबवलं. ती माझी मुलगी आहे, पुतणी कशी? आणि एक ओळ आधी ती धाकटी बहीण होती. मग कारणाची ओळ: ‘माझ्या कॉनला ताप आला आहे.’ ‘कॉन’, माझं लेकरू.

तीन ओळी, तीन नाती, मुलगी एकच. मला वाटलं, ताई घाईत आहेत. त्या घाईत नव्हत्या. त्यांनी पेन ठेवलं आणि समजावलं. शाळेच्या हजेरीत ती एम आहे, कारण तिथं ती शाळेची आहे. म्हणून ओळख करून देताना एम. विनंती करताना मी बाईंच्या दारात उभी आहे, आणि त्यांच्या डोळ्यांनी माझ्या मुलीकडे बघते आहे. आपलं मूल परक्या मोठ्या माणसापुढं न्यायचं तर ते त्यांचं भाचरू करून न्यायचं. को आत्या असेल तर माझी मुलगी तिची चाउच झाली. आणि ताप सांगताना? ताप माझ्या घरात आलाय. तिथं ती दुसऱ्या कुणाची होऊ शकत नाही. तिथं कॉन.

हे व्याकरणाच्या पुस्तकात असं लिहिलेलं नसतं. बरेच जण सरसकट ‘चाउ’ लिहितात, काही सरसकट ‘कॉन’. चुकीचं कुणी म्हणणार नाही. पण ताईंचा कागद वाचताना मला मुलगी चालताना दिसली. शाळेच्या फाटकापासून बाईंच्या टेबलापाशी आणि तिथून घरातल्या गादीवर. आपल्या अर्जातली ‘माझी पाल्य कु. अमुक’ पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच जागी, पाटावर बसवल्यासारखी बसलेली असते.

कारणाच्या ओळीत मी आणखी चार ओळी लिहिल्या होत्या. किती ताप, कधीपासून, डॉक्टरांनी काय सांगितलं. ताईंनी त्या सगळ्या काढून टाकल्या. ‘ताप आला आहे’ एवढं पुरे. इथल्या अर्जात कारण एका ओळीचं असतं. लांबलं की वाचणाऱ्याला शंका येते. ‘घरी काम आहे’ असंही पुष्कळ जण लिहितात, आणि बाई बहुधा पुढं विचारत नाहीत. लग्न, गावी जाणं, टेटच्या, म्हणजे इथल्या चांद्र नववर्षाच्या, आधी दोन दिवस लवकर निघून गाडीची गर्दी चुकवणं, हे सगळं त्या तीन शब्दांत बसतं. ताईंना ते आवडत नाही. त्यांच्या मते कारण छोटं असावं, पण खरं असावं.

मग वचन. आपल्या अर्जात ‘रजा मंजूर करावी, ही विनंती’ म्हणून संपतं. यांच्यात त्यानंतर एक वाक्य येतंच: ‘मी वचन देते की चाउला धडे उतरवून घ्यायला आणि अभ्यास पूर्ण करायला लावीन.’ उतरवून घेणं हे शब्दशः. शेजारच्या मुलीची वही आणायची, तिच्यातून जे शिकवलं ते आपल्या वहीत लिहायचं. सुट्टी मागताना तिची परतफेड आधीच कबूल करायची. नंतर आभार, उजवीकडे ठिकाण आणि तारीख, ‘अर्ज करणार’, सही, आणि सहीखाली पूर्ण नाव पुन्हा स्वच्छ अक्षरांत. डावीकडे बाईंच्या शेऱ्यासाठी रिकामी जागा.

तारखेतही मी चुकले. मी महिना ‘09’ लिहिला. ताई म्हणाल्या, नवाला शून्य लागत नाही. दिवस दहाच्या आतला असेल तर आधी शून्य, पण महिन्यांत फक्त पहिल्या आणि दुसऱ्याला. मी कारण विचारलं. त्यांनी कोपऱ्यात 1 लिहिला आणि त्याच्यामागं आणखी एक 1 काढला. जानेवारीचा नोव्हेंबर झाला. 2 च्या आधी 1 काढला, फेब्रुवारीचा डिसेंबर झाला. नवाच्या आधी काहीही लिहा, महिना होत नाही. ज्याला कुणी बदलू शकत नाही त्याला राखण कशाला? तीस वर्षं कागद हाताळलेल्या बाईनं सांगितलेलं हे कारण मी विसरणार नाही.

सोमवार 15 आणि मंगळवार 16, दोन दिवसांची रजा मागून मी सकाळी अर्ज दिला. त्याआधी साडेसहाला बाईंना फोनवर निरोपही पाठवला. निरोपाची भाषा वेगळी. तिथं ‘तोय’ नाही. बाई माझ्याहून लहान, तरी मी त्यांना ‘को’ म्हणते, मुलीच्या जागेवरून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘आ’ लावते. हा एक छोटा उच्चार आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही, पण तो गळला की वाक्य उद्धट होतं. आपण ‘हो’ लावून वाक्य मऊ करतो, तसं काहीसं.

हे सगळं सकाळी सातच्या आतच का, ते लेकीनं मला पूर्वीच सांगितलं होतं. वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज पट लिहितात. एकूण किती, गैरहजर किती, आणि गैरहजराच्या पुढं एक अक्षर. परवानगीनं असेल तर ‘प’, नसेल तर ‘क’. लाल फीत लावलेली वरच्या वर्गातली मुलं पहिल्या तासाआधी फिरून ते टिपून नेतात. परवानगीविना एक जरी गैरहजर असलं तरी वर्गाचे गुण कापले जातात, आणि सोमवारी झेंडावंदनाला सगळ्या शाळेपुढं वर्गांचे क्रमांक वाचून दाखवतात. माझा कागद उशिरा पोचला तर तो भुर्दंड माझ्या मुलीला एकटीला पडत नाही, तिच्या बाकावरच्या, मागच्या, पुढच्या सगळ्यांना पडतो. लहान मुलांवर असं ओझं टाकणं मला पटत नाही, आजही पटत नाही. ताप काही वर्गाचा गुण बघून येत नाही. पण त्या सकाळी मी धावले, हेही खरं.

मंगळवारी रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला. बुधवारी सकाळी ताप उतरला. लेक उठून बसली, खायला मागितलं. मी दप्तर भरायला घेतलं, कारण अर्ज दोनच दिवसांचा होता आणि बुधवार तारखेबाहेरचा होता. डॉक्टरांनी फोनवर जवळजवळ ओरडूनच थांबवलं. डेंग्यूत ताप उतरतो तिथूनच धोक्याचे दिवस सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत. रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर पाझरतं, प्लेटलेट उतरतात, आणि मूल बरं वाटतंय म्हणून आपण गाफील राहतो. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यांतलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. तापावर पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नाही, आणि सतत क्षारांचं पाणी. रोज रक्त तपासायला यायचं.

मी पुन्हा ताईंकडे गेले. दुसरा अर्ज 17 ते 19 चा. या वेळी ‘किन्ह गुई’खाली दोन ओळी आल्या, एक मुख्याध्यापकांच्या मंडळाला, एक बाईंना, कारण आमच्या शाळेत तीन दिवसांपुढची रजा बाई एकट्या देत नाहीत. सोबत दवाखान्याचा कागद जोडला. कारण पुन्हा एका ओळीचं. फक्त ‘ताप’च्या जागी ‘रक्तस्रावी ताप’, डेंग्यूचं इथलं नाव. तो शब्द मी लिहीत असताना माझा हात थरथरला, कारण मराठीत मी ‘डेंग्यू’ म्हणून तो अर्थापासून दूर ठेवला होता, आणि या भाषेत तो सरळ समोर होता. ताईंनी पेन घेतलं नाही. त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या, आणि मी लिहिलं.

बाईंचा निरोप दुपारी आला. अर्ज मिळाला, मान्य. ‘कॉन लवकर बरी होवो.’ मी तो दोनदा वाचला. त्यांनी एम लिहिलं नव्हतं, चाउ लिहिलं नव्हतं. शिक्षकांनी मुलांना कॉन म्हणावं की एम, यावर इथं मोठे लोक वाद घालतात. काहींना कॉन जास्त घरगुती वाटतं, शाळेला न शोभणारं. त्या दिवशी मला तो वाद समजून घ्यायची इच्छा नव्हती.

सोमवारी ती शाळेत गेली. पाच दिवस बुडाले होते. माध्यमिक शाळेत वर्षाला 45 सत्रांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर पुढच्या वर्गात घालत नाहीत, आणि ही मोजणी दिवसाला एक सत्र धरून करतात. परवानगी असली काय, नसली काय, दोन्ही त्यात धरतात. म्हणजे मी लिहिलेल्या दोन्ही अर्जांनी एकही दिवस परत मिळाला नाही. पाच होते ते पाचच राहिले. फळ्यावर मात्र त्या पाचही दिवशी ‘प’ होता. मैत्रिणीच्या वहीतून धडे उतरवायला लेकीला पुढचे तीन दिवस लागले, आणि वचनाची ओळ मी तिला अर्जातून वाचून दाखवली.

जानेवारीत मी तिसरा अर्ज लिहिला, एकटीनं. पौष वद्यात माझ्या आईचं वर्षश्राद्ध होतं. साताऱ्याला जायचं होतं, आठ दिवस शाळा बुडणार होती. कारणाची ओळ लिहायला बसले तेव्हा ‘घरी काम आहे’ हे शब्द पहिल्यांदा मनात आले. परक्या देशात आपलं श्राद्ध कुठं समजावत बसायचं? मग मला इथला शब्द आठवला. ‘झो’, मृत्यूची तिथी. इथंही ती चांद्र महिन्यानं धरतात, पान वाढतात, सगळं घर जमतं. वर्ष भरल्यावरच्या पहिल्या तिथीला ‘झो दाऊ’ म्हणतात. मी लिहिलं: ‘चाउच्या बा ङोआयचा झो दाऊ आहे.’ ‘बा ङोआय’ म्हणजे आईची आई. ‘ङोआय’ म्हणजे बाहेरची, आणि वडिलांकडची आजी ती आतली. हाही शब्द मला टोचतो, पण आजी तिची तीच होती. तारीख घातली 05, महिना 01, दोन्ही शून्यांसकट. मग ताईंना दाखवायला खाली गेले. त्यांनी वाचलं आणि काहीच खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी लेक घरी आली तेव्हा दप्तरात उदबत्तीचा एक लांबट पुडा होता, लाल कागदात. आत चिठ्ठी होती: अर्ज मान्य आहे. कोंच्या वतीनं एक काडी बा ङोआयच्या पुढं लाव.

विमानात तो पुडा तिनं मांडीवरच ठेवला. साताऱ्यात भटजींनी कसल्या उदबत्त्या म्हणून विचारलं, तेव्हा मी बोलायच्या आत ती म्हणाली, “माझ्या आत्यानं दिल्यात.”